सात नंबरची खोली



या सभागृहातून चालत निघालं तर थोड्या वेळात दसरा चौक येतो. शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून सभोवार पाहिलं की जैन बोर्डिंग दिसतं, मुस्लिम बोर्डिंग दिसतं, चित्रदुर्ग मठाचं लिंगायत बोर्डिंग दिसतं. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते याच इमारतींमुळे. या वसतिगृहांवर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि या व्यासपीठावरून बोललंही गेलंय. पण त्या सगळ्यात प्रश्न एकच असतो: आत कोणाला घेतलं? मी आज त्याच्या पुढचा, जरा घरगुती प्रश्न घेऊन आलोय. आत आल्यावर कोणती खोली कोणाला द्यायची?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. मी अकरा वर्षं एका कॉलेजच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो आणि दिवसा गणित शिकवत होतो. प्रवेशावरून माझ्याकडे जेवढे पालक आले नाहीत, तेवढे खोलीवरून आले. प्रवेशाला गुणांची यादी असते, ती पुढे सरकवली की माणूस गप्प बसतो. खोलीला यादी नसते. तिथे रेक्टरचा शब्द असतो, आणि रेक्टरचा शब्द म्हटला की त्यामागे कोणाचा तरी फोन असणारच, हे प्रत्येक बाप धरून चालतो. नेहमीच चुकीचं धरतो असंही नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातून मला एक पद्धत मिळाली. 1896 साली महाराजांनी राजाराम कॉलेजला जोडून एक वसतिगृह काढलं. ते सर्व जातींच्या मुलांसाठी होतं, नियमात कोणालाही मज्जाव नव्हता. काही वर्षांत तिथे जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. महाराजांनी नियमाची भाषा पाहिली नाही, खोल्यांत झोपलंय कोण ते पाहिलं. त्यातून 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि पुढे अशी मालिकाच. वेगवेगळ्या जातींची वेगवेगळी बोर्डिंगं बरी की वाईट, हा वाद आज नको. मी उचलला तो एवढाच धडा की नियम न्यायाचा आहे का हे नियम वाचून कळत नाही. यादी लागल्यावर कोणाच्या वाट्याला काय आलं, ते वाचावं लागतं.

आता खोल्यांकडे येऊ. बाहेरच्याला सगळ्या खोल्या सारख्या दिसतात: दोन कॉट, दोन टेबलं, एक कपाट, एक पंखा. राहणाऱ्याला विचारा. तळमजल्याला पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि जुलैत गाद्यांना वास सुटतो. गच्चीखालच्या मजल्यावर एप्रिलमध्ये स्लॅब इतका तापतो की पोरं परीक्षेच्या रात्री व्हरांड्यात सतरंजी टाकतात. नळाला दाब कमी असला की वरच्या मजल्यावर बादल्या वाहायच्या. कोपऱ्याच्या खोलीला दोन खिडक्या. मेसवरच्या खोलीत पहाटे पाचपासून भांड्यांचा आवाज, आणि फोडणीचा ठसका तर कांदा परतायच्या आधीच पोचतो. म्हणजे खोल्यांत फरक आहे, तो सगळ्यांना माहीत आहे, आणि मुलांच्या आवडीही एकसारख्या नाहीत. एकाला गच्ची जवळ हवी, दुसऱ्याला नळ. आवडी वेगळ्या आहेत म्हणूनच वाटपात हुशारीला वाव आहे. सगळ्यांना एकाच क्रमाने त्याच खोल्या हव्या असत्या, तर चिठ्ठ्या टाकून गप्प बसण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलं नसतं.

मी रुजू झालो तेव्हा पद्धत होती, आधी येईल त्याला आधी. शहरातल्या किंवा जवळच्या गावच्या मुलाचे वडील सकाळी आठला गेटवर हजर. चंदगडचा मुलगा पहिली एसटी पकडूनही उशिरा पोचायचा, आणि मेसवरची खोली ठरल्यासारखी त्याची. मग कोणी सुचवलं, गुणांनी द्या. पण गुणांवर प्रवेश आधीच दिलेला असतो. त्याच गुणांनी पुन्हा खिडकीही द्यायची, तर एका परीक्षेचं बक्षीस दोनदा दिल्यासारखं होतं. मी दोन्ही पद्धती सोडल्या आणि प्रत्येकाकडून पसंतीक्रम लिहून घ्यायला सुरुवात केली. इथपर्यंत बरोबर होतं. पुढे चुकलो, आणि ती चूक इतकी सरळमार्गी दिसते की आजही अनेक ठिकाणी चालू असेल.

मी ठरवलं, आधी सगळ्यांची पहिली पसंती पाहायची. एका खोलीला एकच मागणी असेल तर ती त्याला द्यायची. दोघांनी मागितली तर चिठ्ठीत ज्याचा नंबर आधी त्याला. मग उरलेल्यांची दुसरी पसंती, मग तिसरी. ऐकायला किती छान! जास्तीत जास्त मुलांना पहिली पसंती मिळते, नोटीस बोर्डवर तसा आकडाही लावता येतो.

आता चार मुलं घेऊ. वसतिगृहात मुलांना गावाच्याच नावाने हाक मारतात, आपणही तसंच करू. चिठ्ठीत कागलचा नंबर पहिला, गडहिंग्लजचा दुसरा, भुदरगडचा तिसरा, शाहूवाडीचा चौथा. खोल्या चार, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून एका खोलीत एकच मुलगा धरू. कागलला कोपऱ्याची खोली हवी. गडहिंग्लजलाही आधी कोपऱ्याची, मग जिन्याजवळची, मग गच्चीखालची, आणि अगदीच नाइलाज झाला तर न्हाणीघराला लागून असलेली. भुदरगडने पहिली जिन्याजवळची लिहिली, शाहूवाडीने गच्चीखालची. माझ्या नियमाने पहिल्या फेरीत कोपरा कागलला गेला, जिना भुदरगडला, गच्ची शाहूवाडीला. गडहिंग्लजची दुसरी पसंती पाहायला जातो तर ती संपलेली, तिसरीही संपलेली. राहिली न्हाणीघराची. चिठ्ठीत दुसरा नंबर लागलेल्या मुलाला चौथी खोली, आणि तिसऱ्या-चौथ्या नंबरवाल्यांना त्यांच्या मनातली पहिली. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने खरं लिहिलं. त्याने पहिल्या रकान्यात खोटंच जिन्याजवळची लिहिली असती, तर भुदरगडच्या आधी त्याचा नंबर असल्याने ती त्याला बिनबोभाट मिळाली असती.

ही गोष्ट माझ्या आधी वरच्या वर्गातल्या पोरांना कळली. दुसऱ्या वर्षी बोर्डावर आकडा झळकला: जवळपास सगळ्यांना पहिली पसंती! मी खूश झालो. मग मेसमध्ये जेवताना कानावर आलं की कोणीतरी नव्या पोरांना समजावतोय, कोपऱ्याची लिहू नकोस, तिला गर्दी असते, जी आरामात मिळेल ती पहिली लिही. म्हणजे मुलांना हवी ती खोली मिळत नव्हती, मिळेल ती खोली ते 'हवी' म्हणून लिहीत होते. पसंतीच्या कागदावर पसंतीच उरली नव्हती. आणि ज्याला वरच्या वर्गात ओळखीचं कोणी नाही, घरातून पहिल्यांदाच कोणी वसतिगृहात आलंय, तोच खरं लिहून फसत होता. 1896 च्या वसतिगृहाची आठवण मला तेव्हा झाली.

यावरचा इलाज फार साधा आहे. फेऱ्या पसंतीच्या करायच्या नाहीत, नंबरांच्या करायच्या. चिठ्ठ्या काढा. पहिल्या नंबरच्या मुलाचा कागद घ्या आणि त्याला त्याची सर्वांत वरची खोली द्या. मग दुसऱ्याचा कागद घ्या आणि उरलेल्या खोल्यांतली त्याच्या यादीत सर्वांत वर असलेली त्याला द्या. असं शेवटपर्यंत. वरच्या उदाहरणात कागलला कोपरा, गडहिंग्लजला जिना. भुदरगड आणि शाहूवाडी यांना उरलेल्या दोनमधून नंबराप्रमाणे. इथे खोटं लिहून काहीच साधत नाही. माझा नंबर येईपर्यंत कोणत्या खोल्या उरतील हे माझ्या आधीच्यांच्या कागदांवर ठरतं, माझ्या कागदाचा त्याच्याशी संबंध नाही. माझा कागद फक्त उरलेल्यांतून निवडायला वापरतात. मग त्यात चुकीचा क्रम लिहिला तर नुकसान माझंच.

या पद्धतीची आणखी एक गंमत आहे. यादी लागल्यावर ती बरोबर लागली का, हे कोणालाही बोर्डासमोर उभं राहून तपासता येतं. नंबर, पसंतीक्रम आणि मिळालेली खोली, असे तीन रकाने लावायचे. मला माझ्या खोलीपेक्षा वरची जी हवी होती ती कोणाकडे गेली ते शोधायचं आणि त्याचा नंबर पाहायचा. तो माझ्या आधीचा असेल तर भांडण मिटलं. माझ्यानंतरचा निघाला तर रेक्टरची गचांडी धरा. दुसरी तपासणी आठवडाभराने होते. दोन मुलं हातात हात घालून येतात आणि म्हणतात, सर, आम्हाला आपसात खोल्या बदलून हव्यात. पहिल्या आठवड्यात अशी अदलाबदल मागणारी जोडी सापडली तर दोनच अर्थ: एकतर वाटपात चूक झाली, नाहीतर पोरांनी कागदावर मनातलं लिहिलं नव्हतं.

चिठ्ठीबद्दल एक सांगून पुढे जातो. मी काही वर्षं चिठ्ठ्या डब्यात टाकून, पहिल्या वर्षाच्या मुलाकडून सगळ्यांसमोर काढायचो. मग ऑफिसात संगणक आला आणि क्लार्कने एक्सेलमध्ये `=RAND()` लिहून प्रत्येकाच्या नावापुढे आकडा आणला आणि त्यावर क्रम लावला. काम झटपट झालं. दुपारी एका मुलाचं आडनाव दुरुस्त केलं आणि सगळे आकडे बदलले. ते सूत्र पानावर काहीही बदललं की नवे आकडे काढतं. आडनाव दुरुस्त करणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, पण आता सकाळची सोडत खरी की दुपारची? आणि मनासारखे आकडे येईपर्यंत कोणी बटण दाबत बसला तर ते कळणार कसं? आकडे एकदा आले की लगेच नुसते आकडे म्हणून चिकटवून ठेवायचे, छापायचे, सह्या घ्यायच्या. मी पुन्हा डब्याकडे वळलो. डब्यात घातलेला हात सगळ्यांना दिसतो.

सोडतीच्या आधी एक वर्ग मात्र बाजूला काढावाच लागतो. कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला तळमजला हवा, ही त्याची पसंती नव्हे, गरज आहे. ती चिठ्ठीत टाकायची नसते. त्या खोल्या आधी द्यायच्या आणि बोर्डावर कारणासहित लावायच्या, म्हणजे त्या रांगेत दुसरं कोणी हळूच शिरत नाही.

इथपर्यंतचं गणित नव्या मुलांचं. खरी अडचण जुन्यांची, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत रसाळ भागही तोच.

वसतिगृहात दरवर्षी काही मुलं जातात, काही येतात, आणि बरीचशी तिथेच असतात. जुन्या मुलाला सांगायचं काय? तुझी खोली सोड आणि सोडतीत ये, असं सांगितलं तर तो म्हणतो, मी ती झाडली, खिडकीला जाळी मी लावली, मी का सोडू? म्हणून बहुतेक ठिकाणी तडजोड असते: हवी तर खोली ठेव, नको तर सोड आणि चिठ्ठीत ये. अमेरिकेतल्या विद्यापीठांतही हीच पद्धत चालायची. तिला ते ठाण मांडून बसण्याचा हक्क म्हणतात. ही तडजोड उदार दिसते, पण तिच्यामुळे पुष्कळांचं नुकसान होतं. कसं ते चार मुलं आणि चार खोल्या घेऊन पाहू.

राधानगरी सात नंबरच्या खोलीत राहतो, पन्हाळा बारामध्ये. दोघे जुने. आजरा आणि चंदगड नवे. तीन आणि वीस नंबरच्या खोल्या रिकाम्या आहेत, वीस म्हणजे मेसवरची. राधानगरीला बारा नंबर मनापासून हवी आहे. ती नाही तर आपली सातच बरी, मग तीन, शेवटी वीस. पन्हाळ्याला तीन हवी, मग आपली बारा, मग सात, मग वीस. आजऱ्याला आधी सात, मग बारा, मग तीन, मग वीस. चंदगडला आधी सात, मग तीन, मग बारा, मग वीस. वीस सगळ्यांच्या शेवटी आहे, हे लक्षात ठेवा. चिठ्ठीत क्रम लागला: आजरा, पन्हाळा, चंदगड आणि शेवटी राधानगरी.

क्रम माहीत नसताना राधानगरी विचार करतो, सोडून पाहू का? समजा त्याने धाडस केलं आणि पन्हाळा मात्र भीतीने बारामध्ये बसून राहिला. आजऱ्याने सात घेतली. चंदगडला सात गेली म्हणून तीन मिळाली. राधानगरीला बारा मिळणं शक्यच नाही, सात गेली, तीन गेली. त्याच्या वाट्याला वीस. चांगल्या खोलीच्या आशेने चांगली खोली सोडली आणि भांड्यांच्या आवाजात जाऊन पडला. ही गोष्ट एकदा घडली की वसतिगृहात पाच वर्षं सांगितली जाते, आणि मग कोणीच खोली सोडत नाही. दोघे जुने जागेवरच बसले तर काय होतं? सात राधानगरीकडे, बारा पन्हाळ्याकडे, आजऱ्याला तीन, चंदगडला वीस. गप्प, शांत आणि वाया गेलेलं वाटप.

आता नियम असा करू. जुन्यांनीही पसंतीक्रम द्यायचा, पण त्यांना हमी: आता आहे त्यापेक्षा वाईट खोली तुम्हाला मिळणार नाही. ही हमी पाळायची कशी? ज्याची पाळी आहे त्याने एखाद्या जुन्या मुलाची खोली मागितली, तर ती लगेच द्यायची नाही. त्या जुन्या मुलाला रांगेत त्याच्या पुढे आणायचं आणि आधी त्याला विचारायचं. तुझी खोली मागितली गेली आहे, तर आता पाळी तुझी.

पाहा काय होतं. पहिला नंबर आजऱ्याचा. तो सात मागतो. सातमध्ये राधानगरी आहे, म्हणून राधानगरी पुढे येतो. राधानगरी बारा मागतो. बारामध्ये पन्हाळा, म्हणून पन्हाळा त्याच्याही पुढे. पन्हाळ्याला तीन हवी. ती रिकामी आहे, ती त्याला दिली. आता बारा रिकामी झाली, ती राधानगरीला. सात रिकामी झाली, ती आजऱ्याला. तिघांनाही पहिली पसंती. शेवटी चंदगडला वीस. चंदगडचं काही बिघडलं का? जुने जागेवर बसले असते तरी त्याला वीसच मिळत होती. म्हणजे कोणाचंही नुकसान न होता तिघांचं भलं झालं, आणि फरक पडला तो फक्त त्या हमीमुळे.

साखळी कधी फिरून स्वतःकडेही येते. समजा पन्हाळ्याला तीन नको होती, सात हवी होती. मग राधानगरी पन्हाळ्याची मागतो आणि पन्हाळा राधानगरीची. त्यांना आपसात बदलून द्यायची आणि दोघांना रांगेतून मोकळं करायचं. आजरा मात्र पहिला नंबर लागूनही सात गमावतो. पुढची त्याची बारा, तीही गेली, म्हणून त्याला तीन. तो तणतणत माझ्याकडे येणारच: सर, माझा नंबर पहिला होता! त्याला उत्तर आहे. नंबर पहिला होता तो रिकाम्या खोल्यांसाठी. सात रिकामी नव्हतीच. ती कधी बाजारात आली असेल तर तिच्या मालकाला हमी दिली म्हणूनच. हमी नसती तर तुला तीनच मिळणार होती, आणि तुला ती मिळालीच.

ही युक्ती माझी नाही. 1974 मध्ये लॉइड शेप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी घरांच्या अदलाबदलीवर एक निबंध लिहिला. त्यातली चक्रं शोधण्याची कल्पना डेव्हिड गेल यांची, असं त्यांनी स्वतःच त्यात नमूद केलं. जुने रहिवासी आणि नवे विद्यार्थी एकत्र असलेल्या वसतिगृहाचा नेमका प्रश्न 1999 मध्ये अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तायफून सोनमेझ या दोन तुर्की अर्थशास्त्रज्ञांनी सोडवला. या नियमातही खोटं लिहून फायदा होत नाही, आणि शेवटी कोणाचंही नुकसान न करता आणखी कोणाचं भलं करता येत नाही, हेही त्यांनी सिद्ध केलं. मी हे वाचलं ते रेक्टर होऊन सात वर्षं झाल्यावर. गणिताच्या माणसाला ही कबुली द्यायला जरा लाज वाटते. पण आमच्याकडच्या पोरांनी असल्या साखळ्या त्याआधीच जुळवल्या होत्या, रात्री दिवे गेल्यावर, एकमेकांच्या गाद्या उचलून. फक्त त्यांना दोघांच्या पलीकडे साखळी नेता येत नव्हती, कारण तिसऱ्यावर भरवसा नसायचा. सगळे कागद एका ठिकाणी आले की तो भरवसा नियमाकडून मिळतो.

आता जिथे गणित हात टेकतं तिथे येतो. आतापर्यंत मी खोलीची पसंती म्हणालो. पण मुलाला खोलीइतकाच, किंबहुना जास्त, रूम पार्टनर महत्त्वाचा असतो. मग त्याचीही पसंती का मागू नये? मी एक वर्ष मागितली. घोटाळा झाला, आणि तो घोटाळा टळणारा नव्हता, हे गेल आणि शेप्ली यांनी 1962 मध्येच दाखवलेलं होतं. कागल, मुरगूड, निपाणी आणि शिरोळ अशी चार मुलं, दोन खोल्या. कागलला सर्वांत आधी मुरगूड हवा, मुरगूडला निपाणी, निपाणीला कागल. शिरोळ घोरतो, म्हणून तिघांच्याही यादीत तो शेवटी. कोणालातरी शिरोळबरोबर राहावंच लागणार. समजा कागल राहिला आणि मुरगूड-निपाणी एकत्र आले. निपाणीला तर मुरगूडपेक्षा कागल हवा, आणि कागलला शिरोळपेक्षा निपाणी चालेल. ते दोघे संगनमत करतात. आता मुरगूड शिरोळबरोबर पडला, तो कागलला फितवतो, कारण कागलला मूळचा मुरगूडच हवा होता. मग निपाणी एकटा पडतो, तो मुरगूडला ओढतो, आणि आपण होतो तिथेच परत येतो. कोणतीही जोडी लावा, ती मोडायला तयार दोघे सापडतातच. 1985 मध्ये रॉबर्ट आयर्विंग यांनी टिकणारी जुळणी आहे का ते शोधण्याची रीत काढली, पण मुळात ती नसेल तर रीत तरी काय करणार?

म्हणून मी माणसांचा क्रम मागणं बंद केलं. दोघांनी एकमेकांची नावं लिहिली तरच जोडी धरायची. अशा जोडीला एकच चिठ्ठी द्यायची. इथेही एक खाच आहे. दोघांच्या दोन चिठ्ठ्या काढून त्यातला बरा नंबर जोडीला दिला, तर जोडीचा नंबर सरासरीने एकट्यापेक्षा बराच आधी लागतो, आणि मग पोरं मैत्रीसाठी नव्हे तर नंबरासाठी जोड्या लावतात. एक जोडी, एक चिठ्ठी.

आणि जोड्यांना मोकळीक द्यावी तरी किती, याबद्दल माझं मत इथल्या काहींना पटणार नाही. मुलं स्वतःहून जोड्या लावतात तेव्हा गाव, जात, भाषा पाहून लावतात. भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं, हे त्यांच्या चरित्रातलं प्रसिद्ध प्रकरण. पुढे त्यांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढलं, ज्याला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं, तिथे सर्व जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. ती तशी राहायची हे संस्थेने ठरवलं होतं, प्रत्येकाच्या पसंतीवर सोडलं नव्हतं. मी त्यावरून पहिल्या वर्षाच्या मुलांना जोडी लिहायची मुभाच दिली नाही. दुसऱ्या वर्षापासून दिली. तक्रारी आल्या, विशेषतः पालकांच्या. तो नियम मी बदलला नाही.

एक राहिलं: ऑगस्ट. इंजिनिअरिंगच्या फेऱ्या लांबतात, कोणाला पुण्यात जागा मिळते, आणि भर पावसात चांगल्या खोल्या अचानक रिकाम्या होतात. सर्वसाधारण रीत अशी की प्रतीक्षा यादीतल्या मुलाला ती रिकामी खोली द्यायची. म्हणजे सर्वांत शेवटी आलेला मुलगा कोपऱ्याच्या खोलीत, आणि जूनपासून मेसवर राहणारा तिथेच. हे पाहून पोरांनी पुढच्या वर्षी उशिरा यायला सुरुवात केली, इतकी ती हुशार आहेत. त्यावर उपाय तोच, जुन्यांचा. रिकामी खोली आधी आत असलेल्यांना चिठ्ठीच्या मूळ क्रमाने देऊ करायची, प्रत्येकाची सध्याची खोली शाबूत ठेवून. त्या साखळीच्या शेवटी जी खोली रिकामी होईल, ती नव्या मुलाला. सामान हलवायला एक रविवार जातो, एवढंच.

आणि ज्याचा नंबर यंदा शेवटी लागला त्याला पुढच्या वर्षी पुढे आणावं का? मी आणायचो. पण यंदाच्या नंबराचा क्रम उलटा करून आणायचो, यंदा खोली किती नावडती मिळाली त्यावरून नाही. नावड मोजायला गेलो असतो तर नावड लिहिण्याचीच स्पर्धा लागली असती, आणि पसंतीचा कागद पुन्हा खोटा झाला असता.

शेवटच्या वर्षी मी सगळे जुने कागद काढून बसलो. चार वर्षांचे, खऱ्या पसंतीचे. वीस नंबरची खोली जवळजवळ प्रत्येक कागदावर शेवटी होती. चिठ्ठी कितीही प्रामाणिक काढली तरी तिथे कोणीतरी जाणारच होता, आणि तो कोण हे ठरवण्यापलीकडे माझे सगळे नियम काही करत नव्हते. कागदांचा गठ्ठा घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो आणि मेसचं धुराडं छपरापर्यंत वर न्यायचा आणि भांडी घासायची जागा मागच्या अंगणात हलवायचा खर्च मागितला. मंजूर व्हायला आठ महिने लागले. पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त झालो होतो, पण सोडत बघायला गेलो. वीस नंबरची खोली त्या वर्षी यादीच्या मधोमध होती, आणि ती घेणारा मुलगा चंदगडचाच होता. त्याने ती तिसऱ्या पसंतीने मागून घेतली.